टेक-होम पेपर: ओल्सनचा सिद्धांत आणि कांदा निर्यातबंदी. सिद्धांत घटनेला ‘लावायचा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

पाटीपेन्सिल

एम.ए. राज्यशास्त्र, राजकीय अर्थकारणाचा पेपर. गेल्या वर्षीचा टेक-होम सरावासाठी सोडवते आहे. यंदाचा अजून हातात आलेला नाही, त्यामुळे इथे चर्चा करायला नियमाची आडकाठी नाही.

प्रश्न असा: “सामूहिक कृतीविषयी अभ्यासलेला कोणताही एक सिद्धांत निवडा आणि त्याआधारे अलीकडच्या एका धोरणात्मक निर्णयाचे विश्लेषण करा. अभ्यासक्रमातील किमान तीन रीडिंग्जचा संदर्भासह उपयोग करा.” शब्दमर्यादा २०००, वेळ ७२ तास.

रीडिंग्जच्या यादीत ओल्सन (१९६५), लिप्टन (१९७७), बेट्स (१९८१) आणि वार्ष्णेय (१९९५) आहेत. मी ओल्सन निवडला आणि घटना म्हणून डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी. आराखडा: प्रस्तावना २००, ओल्सन ६००, कांदाप्रश्न ९००, निष्कर्ष ३००.

आता अडले आहे. ओल्सन म्हणतो, लहान गट संघटित होतात, मोठे विखुरलेले गट होत नाहीत. इथे कांदा खाणारे कोट्यवधी, कुठेही संघटित नाहीत, आणि निर्णय लागला त्यांच्या बाजूने. पिकवणारे त्या मानाने थोडे, तेही मोजक्या जिल्ह्यांत एकवटलेले, आणि ते हरले. सिद्धांत उलटाच पडतोय. घटना बदलू का?

प्राजक्त

बदला. ७२ तासांत घटनेशी भांडत बसू नका. साखर घ्या. कारखाने मोजके, संघटित, सरकारदरबारी वजन असलेले. ओल्सन चपखल बसतो.

आणि तीनच रीडिंग्ज कशाला? सहा-सात द्या. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी कंसात एकदोन नावं आली पाहिजेत. वाचलेलं दिसलं की गुण मिळतात.

गोदाकाठ

कांद्यावर लिहिताय तर इतिहास सोडू नका. १९८० ची लोकसभा निवडणूक, जिच्या प्रचारात इंदिरा गांधींनी कांद्याचे भाव आणले. त्याच वर्षीचं चाकणचं आंदोलन, शरद जोशी, ‘भारत विरुद्ध इंडिया’. मग १९९८, दिल्लीत भाव भडकले आणि विधानसभा निवडणुकीत भाजपची सत्ता गेली. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, डिसेंबरमध्ये बंदी, मे २०२४ मध्ये उठवली पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के, एप्रिल २०२५ पासून शून्य. एवढं नीट लिहिलं तरी १५०० शब्द सहज होतात.

तळटीप

पाटीपेन्सिल, घटना बदलू नका. जिथे अडलात तोच तुमच्या उत्तराचा गाभा आहे.

आधी ओल्सन नक्की काय म्हणतो ते पाहा. कोणता गट *संघटित होईल* हे तो सांगतो. कोणता गट *जिंकेल* हे त्यातून आपोआप निघत नाही. तुम्ही दोन्ही एकच धरलंत, म्हणून सिद्धांत उलटा पडल्यासारखा वाटला. टेक-होममध्ये सर्रास होणारी चूक हीच: सिद्धांत जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालायचं आणि मग घटनेला ते लागू होतं का, हे तपासत बसायचं.

म्हणून घटनेकडे वळण्याआधी वेगळ्या कागदावर तीन वाक्यं लिहा. सिद्धांत खरा असेल तर या प्रकरणात काय दिसायला हवं? माझ्या मते ती अशी होतील:

एक, व्यापारी शेतकऱ्यांपेक्षा लवकर आणि जास्त एकजुटीने कृती करतील, कारण ते संख्येने थोडे आहेत आणि एकमेकांना ओळखतात.

दोन, शेतकऱ्यांचा निषेध सगळीकडे सारखा नसेल. जिथे आधीपासून संघटना, पक्षाचं जाळं किंवा बाजार समितीचा अड्डा आहे तिथेच तो उभा राहील.

तीन, ग्राहक मुळीच संघटित होणार नाहीत.

आता घटना तपासा. तिन्ही गोष्टी दिसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये, शुल्क लागल्यावर, नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. बंदीनंतर शेतकऱ्यांचे रास्ता रोको झाले ते चांदवड, लासलगावसारख्या ठिकाणी. ग्राहकांची कुठलीही संघटना रस्त्यावर आली नाही. म्हणजे संघटित कोण होणार हे ओल्सनने बरोबर सांगितलं. आणि तरीही संघटित झालेले दोन्ही गट हरले, न झालेला जिंकला. *हा* तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर ओल्सनमध्ये नाही. म्हणूनच प्रश्नपत्रिकेत तीन रीडिंग्ज मागितली आहेत.

प्राजक्त यांचं साखरेचं उदाहरण ओल्सनला बसतं, यात शंका नाही. पण तिथे सिद्धांत आणि घटना एकमेकांना दुजोरा देऊन मोकळे होतात, विश्लेषणाला जागाच उरत नाही. “सिद्धांत लागू होतो” हे वाक्य तिसऱ्या पानावर लिहून झालं की चौथ्या पानावर काय लिहाल?

प्राजक्त

पटलं, पण धोका आहे. सिद्धांत अपुरा पडतो असं लिहिलं की तपासणाऱ्याला वाटतं विद्यार्थ्याला तो कळलाच नाही.

तळटीप

तसं वाटतं, जर अपुरेपणा आधी लिहिला तर. आधी त्याचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडा, त्याने बरोबर सांगितलेल्या तीन गोष्टी पुराव्यानिशी दाखवा, आणि मग तो कुठे थांबतो ते सांगा. तोवर वाचणाऱ्याला तुमच्या समजुतीबद्दल शंका राहिलेली नसते.

संख्येबद्दल तुमच्याशी असहमत. सहा-सात रीडिंग्ज २००० शब्दांत घातली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक वाक्य येतं, आणि एका वाक्यात कोणाचाही युक्तिवाद मावत नाही. तीन घ्या आणि तिघांना तीन वेगळी कामं द्या. ओल्सन: संघटित कोण होतं. बेट्स: तरीही शहरातला ग्राहक का जिंकतो. वार्ष्णेय: लोकशाहीत हे किती काळ टिकतं. लिप्टन वगळला तरी चालेल. शहरी पक्षपाताची मूळ मांडणी त्याची आहे, तेव्हा बेट्सच्या परिच्छेदात तेवढा एक उल्लेख पुरे.

उन्हाळकांदा

मी राज्यशास्त्राचा नाही, कांद्याचा आहे. तारखा आणि पीक यांबद्दल थोडं, कारण बहुतेक लेखांत इथेच घोळ असतो.

बंदीची अधिसूचना ७ डिसेंबर २०२३ ची, अंमल ८ पासून. डिसेंबरमध्ये बाजारात येतो तो लाल कांदा, खरिपाचा. तो टिकत नाही. काढला की काही आठवड्यांत विकावाच लागतो. मार्च-एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा वेगळा. तो चाळीत चार-सहा महिने राहतो, भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो. म्हणजे बंदी अशा वेळी आली की थांबण्याची सोय नव्हती. लिलाव बंद ठेवला की व्यापाऱ्याचा धंदा थांबतो, पण शेतकऱ्याचा मालच सडतो.

तुमच्या ओल्सनसाहेबांच्या हिशोबात हे कुठे बसतं ते माहीत नाही, पण सोडू नका.

तळटीप

हे फार मोलाचं आहे. ओल्सनच्या भाषेत बोलायचं तर सामूहिक कृतीत भाग घेण्याची *किंमत* दोन गटांना सारखी नाही. लाल कांदावाल्याने आठ दिवस माल रोखला तर त्याचं स्वतःचं नुकसान नक्की आहे, आणि त्याच्या एकट्याच्या रोखण्याने बंदी उठण्याची शक्यता जवळजवळ शून्य. म्हणून तो विकतो. शेजारीही तोच हिशोब करतो. दोघांनाही बंदी उठायला हवी आहे आणि दोघेही माल बाजारात नेतात.

‘फुकट्या’चा मुद्दा इथे अचूक बसतो. उत्तरपत्रिकांत हा शब्द अनेकदा आळशी किंवा स्वार्थी माणसासाठी वापरलेला दिसतो. ओल्सनचा मुद्दा स्वभावाचा नाही. माणूस समंजस आहे, गटाचं हित त्याला कळतं, तरीही भाग न घेणं त्याच्यासाठी शहाणपणाचं ठरतं.

व्यापाऱ्यांचं उलट. एका बाजार समितीत परवानाधारक मोजके. लिलावाला कोण उतरलं हे सगळ्यांना दिसतं. फुटणाऱ्याला उद्या त्यांच्यातच धंदा करायचा आहे. गट लहान असल्याचा फायदा म्हणजे हा.

गोदाकाठ

माझा इतिहास मग वाया का? १९८० चं चाकण हे तर शेतकरी संघटित होऊ शकतात याचं जिवंत उदाहरण आहे.

तळटीप

वाया नाही, पण प्रश्न कांद्याच्या इतिहासाचा नाही, एका निर्णयाच्या विश्लेषणाचा आहे. तुमच्या यादीतली प्रत्येक तारीख लिहिली तर उत्तर बातम्यांचं टिपण होईल. घटनेला २५० शब्द द्या, त्याहून जास्त नको. तुमच्या यादीतली चाकणची ओळ मात्र ठेवण्यासारखी आहे, कारण ती ओल्सनवर प्रतिप्रश्न आहे: मोठा गट संघटित झालाच कसा? ओल्सन म्हणेल, सभासदाला वेगळा मिळणारा काही लाभ होता का ते शोधा. अमेरिकेतली ‘फार्म ब्युरो’ ही शेतकरी संघटना कशी वाढली हे त्याने असंच समजावलं आहे: लोक आले ते सहकारी खरेदी-विक्री, विमा, शेतीसल्ला यांसाठी, आणि राजकीय वजन त्यातून आलं. चाकणला तसं काही होतं, की नेतृत्व आणि विचार यांच्या जोरावर लोक आले? दुसरं खरं असेल तर ती ओल्सनची मर्यादा. हे मर्यादांच्या परिच्छेदात तीन-चार वाक्यांत लिहा.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. एक परिच्छेद लिहून पाहिला, बघाल का?

> “ओल्सन (१९६५) यांच्या मते मोठे गट संघटित होत नाहीत व लहान गट संघटित होतात. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली. पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांमुळे सरकारने हा निर्णय घेतला. शेतकऱ्यांनी चांदवड येथे निषेध केला. शहरी ग्राहकांना याचा फायदा झाला (बेट्स १९८१, लिप्टन १९७७, वार्ष्णेय १९९५). यावरून ओल्सन यांचा सिद्धांत दिसून येतो.”

उन्हाळकांदा

तिसरं वाक्य काढा. त्या पाच राज्यांचं मतदान नोव्हेंबरमध्ये संपलं होतं. निकाल ३ आणि ४ डिसेंबरला लागले. बंदी आली त्यानंतर. निवडणुकीसाठी म्हणायचं तर लोकसभेसाठी म्हणा, किंवा ऑगस्टचं शुल्क आणि ऑक्टोबरचं किमान मूल्य विधानसभांच्या आधीचं होतं असं म्हणा.

तळटीप

उन्हाळकांदा यांनी धरलेली चूक सगळ्यात महाग पडणारी आहे. कारण-परिणाम सांगणाऱ्या प्रत्येक वाक्यासाठी दोन तारखा शेजारी लिहून बघाव्यात. कारण परिणामाच्या आधीच असायला हवं, एवढी साधी तपासणी.

बाकीचं सांगतो. सोपी चाचणी: परिच्छेदातून ‘ओल्सन’ हा शब्द आणि पहिलं वाक्य खोडा. उरलेला मजकूर जसाच्या तसा अर्थपूर्ण राहिला ना? म्हणजे सिद्धांत काहीच काम करत नव्हता, दारावरची पाटी होता. शेवटचं “यावरून सिद्धांत दिसून येतो” हे वाक्य तर खुणेचं आहे. ते लिहावंसं वाटलं की समजायचं, वर काहीतरी लिहायचं राहिलं आहे.

दुसरं, तीन नावांचा एक कंस. तिघांचं म्हणणं एक नाही. बेट्स आणि लिप्टन शहराच्या बाजूने झुकणाऱ्या धोरणाबद्दल बोलतात, तर भारतात ग्रामीण भागाला लोकशाहीमुळे खरी राजकीय ताकद मिळाली असं वार्ष्णेय मांडतात. त्यांना त्याच कंसात बसवलं की पुस्तक उघडलेलं नाही हे लगेच कळतं.

तोच परिच्छेद असा होऊ शकतो. जसाच्या तसा उतरवू नका, सांधे कुठे आहेत ते पाहा:

> “ओल्सनच्या मते गटाचे हित समान असणे ही सामूहिक कृतीची पुरेशी अट नाही, मोठ्या गटात प्रत्येकाचा वाटा इतका अल्प असतो की भाग न घेणेच त्याला परवडते (ओल्सन १९६५, पान). डिसेंबर २०२३ मधील कांदा उत्पादकांची स्थिती याच प्रकारची होती. बंदी उठणे सर्वांच्या हिताचे होते. परंतु त्या वेळी बाजारात येणारा लाल कांदा साठवता येत नसल्याने माल रोखण्याचा खर्च प्रत्येक शेतकऱ्यावर तात्काळ पडणार होता आणि लाभ मात्र सर्वांत वाटला जाणार होता. याउलट सप्टेंबरमध्ये लिलाव बंद ठेवणारे व्यापारी संख्येने मर्यादित व परस्परांना दिसणारे होते. तरीही त्यांची कृती शुल्क हटवू शकली नाही. कृती कोण करेल याचे उत्तर ओल्सन देतो; त्या कृतीला सरकार कसा प्रतिसाद देईल, यासाठी सरकारच्या स्वतःच्या हिताकडे वळावे लागते.”

आता ओल्सन खोडून बघा. दुसऱ्या वाक्यातलं ‘याच प्रकारची’ लटकतं, पाचव्यातलं ‘याउलट’ कशाच्या उलट ते कळत नाही. शेवटच्या वाक्याने बेट्सचं दार उघडलं. ‘पान’ लिहिलंय तिथे तुमच्या हातातल्या प्रतीचा पान क्रमांक घाला.

सायली_मासकॉम

मध्येच विचारते. आमच्याकडे असाच प्रश्न आहे, पण मॅकॉम्ब्स आणि शॉ (१९७२) यांच्या अजेंडा-सेटिंगवर. मी टोमॅटोच्या भाववाढीच्या बातम्या घेतल्या आहेत, जुलै २०२३. माध्यमांनी लोकांची मतं बदलली असं दाखवायचंय. हीच पद्धत चालेल?

तळटीप

पद्धत चालेल, पण तुमचं वाक्य सिद्धांताच्या पलीकडे गेलंय. मॅकॉम्ब्स-शॉ यांचा दावा असा की कोणते विषय महत्त्वाचे वाटतात यावर माध्यमांचा प्रभाव असतो. लोकांनी त्या विषयाबद्दल काय मत बनवावं, हा वेगळा दावा झाला. त्यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिलमधल्या मतदारांना महत्त्वाचे वाटणारे मुद्दे आणि माध्यमांनी ज्यांवर भर दिला ते मुद्दे यांची तुलना केली. तुमच्याकडे बातम्यांची बाजू आहे, लोकांची बाजू आहे का? नसेल तर “माध्यमांनी विषय लावून धरला” एवढंच म्हणता येईल, “लोकांवर परिणाम झाला” म्हणता येणार नाही.

सायली_मासकॉम

लोकांची बाजू नाही. मग तेवढंच म्हणेन, आणि मर्यादा म्हणून तसं लिहीन. आभारी आहे.

मध्यरेषा

बेट्सचा भाग मला सगळ्यात रोचक वाटतो, त्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

बेट्सचं पुस्तक आफ्रिकेतल्या देशांबद्दल आहे, तिथल्या सरकारी खरेदी मंडळांनी शेतमालाचे भाव दाबून ठेवले त्याबद्दल. अन्न महागलं की शहरं पेटतात आणि सरकार डळमळतं. शेतकरी असंख्य आणि विखुरलेले, म्हणून त्यांचा राग पचवता येतो. इथवर ओल्सनचाच तर्क आहे. पण पुढचा भाग विद्यार्थी सहसा सोडतात. बेट्स विचारतो, सरकारला शेतकऱ्याला काही द्यायचंच असेल तर ते भाव का वाढवून देत नाही, योजना का देतं? कारण वाढलेला भाव समर्थकाला आणि विरोधकाला सारखाच मिळतो. योजना मात्र निवडून देता येते.

हे कांद्याला लावून बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्क लागल्यावर बफरसाठीच्या खरेदीचं लक्ष्य ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेलं. नाफेड आणि एनसीसीएफने २,४१० रुपये क्विंटलने घ्यायचं जाहीर झालं. निर्यात खुली ठेवली असती तर लाभ प्रत्येक उत्पादकाला झाला असता. सरकारी खरेदीचा लाभ मिळतो तो ज्याचा माल घेतला त्याला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये बंदी चालू असतानाच २,००० टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला परवानगी मिळाली, तो मुख्यतः गुजरातचा. मग सहा देशांसाठी ९९,१५० टनांची मुभा जाहीर झाली. बेट्सचं वाक्य डोळ्यांसमोर ठेवलं की हे सगळं एका माळेत येतं.

उन्हाळकांदा

गुजरातच्या बाबतीत जरा जपून. पांढरा कांदा मुख्यतः निर्यातीसाठीच लावतात आणि त्याच्या बियाण्याचा खर्च जास्त असतो, असं सरकारी स्पष्टीकरण होतं. आमच्याकडे त्यावरून संताप झाला, तो योग्यच होता असं माझं मत. पण पेपरात नुसता संताप लिहून चालणार नाही.

मध्यरेषा

मान्य. मग असं करावं: सरकारी स्पष्टीकरण आधी द्यायचं, बेट्सप्रमाणे होणारं वाचन नंतर, आणि दोहोंत फरक करायला कोणता पुरावा लागेल ते सांगायचं. उदाहरणार्थ, तेवढाच खर्च असलेल्या दुसऱ्या भागातल्या निर्यातीच्या कांद्यालाही तेव्हा मुभा मिळाली का? पुरावा हाताशी नसेल तर निष्कर्ष काढायचा नाही.

प्राजक्त

मग ग्राहक संघटित न होता जिंकले याचं सरळ उत्तर मतदान नाही का? ग्राहकाला मोर्चा काढायची गरजच नाही, तो मतदार आहे. एवढं लिहिलं की झालं.

तळटीप

अर्धं बरोबर. पण शेतकरीही मतदारच आहे, म्हणून तेवढ्याने झालं नाही. दुसरं, ओल्सनचाच हिशोब मतदानाला लावला तर एका मताने निकाल बदलत नाही, मग माणूस मत द्यायला का जातो, असा प्रश्न उभा राहतो. ‘मतदार’ म्हटलं की तुम्ही ओल्सन सोडून वेगळ्या सिद्धांतात गेलात. जा, पण गेलात हे लिहून जा.

इथेच वार्ष्णेय लागतात. बेट्सच्या अभ्यासातल्या बहुतेक राजवटींना खुल्या, चुरशीच्या निवडणुकांची भीती नव्हती. भारतात आहे. बंदी उठली ४ मे २०२४ ला. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान पाचव्या टप्प्यात, २० मे ला. दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीच्या हातून गेल्या, दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या. ग्रामीण मतदाराला वजन आहे हे वार्ष्णेय यांचं म्हणणं इथे दिसतं.

मध्यरेषा

इथे माझा आक्षेप. त्या निकालात कांदा किती आणि पक्षफुटी, आरक्षणाचा प्रश्न, उमेदवार किती? वार्ष्णेय स्वतःच म्हणतात की जात, धर्म अशा आडव्या छेद देणाऱ्या ओळखींमुळे शेतकरी एकगठ्ठा मत देत नाहीत. निकाल कांद्याच्या खात्यावर टाकला तर त्यांच्याच युक्तिवादाचा अर्धा भाग आपण वापरला आणि अर्धा टाकला.

तळटीप

खरं आहे. मी वाक्य आखडतं घेतो: मतदानाच्या सोळा दिवस आधी बंदी उठवणं हे सरकारने ग्रामीण मताची दखल घेतल्याचं चिन्ह म्हणून वापरता येईल. निकाल पुरावा म्हणून वापरू नये.

मध्यरेषा

सोळा दिवसांबद्दलही मला शंका आहे. तोवर उन्हाळ कांद्याची आवक सुरू झाली होती, पुरवठ्याची भीती ओसरली होती. बंदी नेहमीच्या हंगामी कारणाने उठली असंही म्हणता येईल.

उन्हाळकांदा

आवक एप्रिलमध्येच जोरात होती. नुसता पुरवठा हे कारण असतं तर महिनाभर आधी उठायला हवी होती. मुळात ३१ मार्चपर्यंत असलेली बंदी मार्चमध्येच पुढील आदेशापर्यंत वाढवली, तीही आवक दिसत असताना.

पाटीपेन्सिल

हा वाद दोन्ही बाजूंनी तसाच उत्तरात घेतला तर चालेल का? आणि संदर्भाचे नियम कोणी सांगेल का? कोणत्या वाक्याला संदर्भ हवा आणि कोणत्याला नको, यात माझा गोंधळ होतो.

तळटीप

वाद घ्या, पण २०० शब्दांत, आणि तुमचं पारडं कुठे झुकतं ते लिहा. “दोन्ही मतांत तथ्य आहे” म्हणून सोडून देऊ नका.

संदर्भ दोन प्रकारचे धरा. *दावा* कोणाचा आहे ते सांगणारे, आणि *घटना* घडली याचे. पहिले रीडिंग्जमधून, पान क्रमांकासह. पूर्ण पुस्तकाचा संदर्भ तेव्हाच, जेव्हा पुस्तकाच्या मुख्य मांडणीबद्दल बोलताय. दुसरे मूळ कागदातून: बंदी आणि शुल्क यांच्या अधिसूचना, सरकारी प्रसिद्धीपत्रक, भावासाठी बाजार समितीची किंवा अ‍ॅगमार्कनेटची आकडेवारी. वर्तमानपत्र निषेधाच्या बातमीसाठी ठीक. अग्रलेख घटनेचा पुरावा म्हणून वापरू नका, ते मत आहे. तुमच्या स्वतःच्या अनुमानाला संदर्भ लागत नाही, उलट तिथे कंस घातला की अनुमान दुसऱ्याच्या नावावर जातं. लाल कांदा आणि फुकट्याची समस्या हा जोड तुमचा आहे, तो ओल्सनच्या कंसात टाकू नका.

वर्गातल्या टिपणांचा संदर्भ देऊ नका. सरांनी ओल्सनबद्दल सांगितलेलं वाक्य ओल्सनमध्ये सापडलं तरच ओल्सनचं. बेट्स वाचताना ओल्सनचं मत मिळालं आणि मूळ पाहिलं नसेल, तर ‘बेट्सने उद्धृत केलेला ओल्सन’ असंच लिहा. तुमच्याकडे ओल्सनची १९७१ नंतरची प्रत असेल तर तीत नवी जोड आहे, पान क्रमांक कोणत्या प्रतीचे ते यादीत स्पष्ट करा.

आणि भावाचा आकडा देणार असाल तर एकाच बाजार समितीचा, एकाच प्रतीच्या कांद्याचा, बंदीआधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन आठवड्यांचा सरासरी भाव घ्या. ६ डिसेंबरचा सर्वोच्च भाव आणि ११ डिसेंबरचा सर्वांत कमी भाव शेजारी ठेवले की पडझड आहे त्याहून मोठी दिसते.

पाटीपेन्सिल

नवा आराखडा: प्रश्न आणि कोडं १५०, ओल्सन आणि त्यातून निघणाऱ्या तीन अपेक्षा ४००, घटना २५०, अपेक्षांची तपासणी (लाल कांद्यासह) ५००, बेट्स आणि सरकारी खरेदी ३५०, वार्ष्णेय आणि ४ मे चा वाद २५०, शेवट १००. ‘एक सिद्धांत’ ही अट मोडत नाही ना?

तळटीप

नाही, जोवर ओल्सन प्रत्येक भागात परत येतो. बेट्सच्या भागाचं पहिलं वाक्य ओल्सन जिथे थांबला तिथून सुरू करा. चाकणचं काय करणार?

पाटीपेन्सिल

तपासणीच्या पाचशेमध्ये, अपेक्षा क्रमांक दोनच्या खाली.

गोदाकाठ

तिथे ठेवताय तर एक भेद करा. १९८० ला मागणी रास्त भावाची होती, २०२३ ला मागणी बंदी हटवण्याची. पहिल्यात सरकारकडून काही मिळवायचं होतं, दुसऱ्यात सरकारने घेतलेलं परत हवं होतं. लोक एकत्र येण्यावर याचा परिणाम होतो का?

तळटीप

ओल्सनच्या चौकटीत फरक पडू नये, दोन्ही सगळ्यांना मिळणारे लाभ आहेत. पण माणसं हातचं गेलेलं मिळवायला जास्त जोराने उठतात असं धरलं, तर २०२३ चा निषेध १९८० पेक्षा मोठा व्हायला हवा होता. तसं झालं नाही. का, यावर मला अजून पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

मध्यरेषा

१९८० ला एकच संघटना मैदानात होती. २०२३ ला प्रत्येक पक्षाचा आपापला शेतकरी मोर्चा. शोधायचं तर तिथून शोधता येईल.